आजपासून आपलं नाव

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पॅडच्या गठ्ठ्यांवर बसलं तरी चालेल. दुसऱ्या पाळीचे लोकही आलेत, रात्री जागून आलेत, म्हणून फार वेळ घेणार नाही. पण जे सांगायचं ते अर्धवट सांगणार नाही.

गेटवर पांढऱ्या कापडाखाली नवीन पाटी आहे हे तुम्ही तीन दिवसांपासून पाहताय. परवा चहाच्या टपरीवर मला एकाने विचारलं, "साहेब, नाव बदलून राहिले म्हणते, मग कंपनी विकली का?" नाही. विकलेली नाही. भागीदार आलेला नाही. ज्यांच्याकडून पहिल्या दिवसापासून पगार घेता तेच लोक पगार देणार आहेत. तुमच्या मनात हाच प्रश्न आधी असणार, म्हणून त्याचं उत्तर आधी.

1996 साली गांधीबागेतल्या दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत मी पहिला कूलर बनवला. पत्र्याची बॉडी, जुनी मोटर, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या. पाटी रंगवणाऱ्याने विचारलं, नाव काय लिहू? दुसरं काही सुचलं नाही, आडनाव सांगितलं. मोहाडीकर कूलर वर्क्स. तेव्हा ते बरोबर होतं, कारण पत्रा कापणारा मी, मोटर बसवणारा मी आणि सायकलवर डिलिव्हरी देणाराही मीच. आज या शेडमध्ये 84 माणसं आहेत. 84 माणसांच्या कामावर एकाच घराचं आडनाव असणं मला बरीच वर्षं खटकत होतं.

पण नाव बदलायचं खरं कारण ते नाही. खरं कारण चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातलं आहे. तुमच्यापैकी काहींना ते माहीत आहे, बऱ्याच जणांना नाही. आज सगळ्यांसमोर सांगतो.

एका कारखान्यात आपण सहा मोठे कूलर दिले होते. कारखान्याचं नाव घेत नाही. पत्र्याची शेड, आत भट्टी, बाहेर नवतपा सुरू. आपण माल पोहोचवला, जोडून दिला, बिल घेतलं, परत आलो. धूळ येते म्हणून त्यांनी मागच्या खिडक्या पत्र्याने बंद केल्या होत्या. आपल्या माणसांनी ते पाहिलं होतं, पण कोणी बोललं नाही, कारण बोलणं हे आपलं काम आहे असं मीच कधी कोणाला सांगितलं नव्हतं. हवेला बाहेर जायला वाट नव्हती. तीच दमट हवा आत फिरत राहिली, कूलर ती आणखी दमट करत राहिले. घाम यायचा, पण वाळायचा नाही. आणि घाम वाळलाच नाही तर शरीर निवणार कसं? चौथ्या दिवशी दुपारी एक पोरगा भट्टीजवळ कोसळला.

तो वाचला. मी दवाखान्यात गेलो तेव्हा त्याची बायको बाहेरच्या बाकावर बसली होती, दुपट्टा ओला करून हातात धरलेला. तिने मला विचारलं, "तुम्हीच का ते कूलरवाले?" आवाज चढवला नाही, बस इतकंच विचारलं. मी हो म्हणालो आणि पुढे मला एक शब्द बोलता आला नाही.

त्या दिवशी मला कळलं की आपण डबे विकतो. चांगले डबे, टिकाऊ डबे, पण डबेच. कूलर चालू आहे, पंखा फिरतोय, पंप पाणी चढवतोय, म्हणजे आपलं काम झालं असं आपण धरून चाललो होतो. आत उभा असलेला माणूस निवला का, हे आपण मोजतच नव्हतो.

म्हणून यापुढे आपलं काम वेगळं आहे. माणूस जिथे उभा राहून काम करतो, तिथलं तापमान खाली आणणं हे आपलं काम. भट्टीसमोर, वेल्डिंगच्या टेबलाजवळ, मेसच्या चुलीपाशी, पत्र्याच्या छताखालच्या शाळेच्या वर्गात. एसी लावणं जिथे परवडत नाही किंवा दार सतत उघडं असल्याने उपयोगाचं नाही, अशी प्रत्येक जागा आपली. ऑर्डर घ्यायच्या आधी आपला माणूस तिथे जाईल, छातीच्या उंचीवर तापमान आणि आर्द्रता मोजेल. हवा आत कुठून येते, बाहेर कुठून जाते, ते कागदावर काढेल. बाहेर जायला वाट नसेल तर आधी वाट करायची, मग कूलर. ग्राहक ऐकत नसेल तर ऑर्डर घ्यायची नाही. ती ऑर्डर सोडली म्हणून कोणालाही मी जाब विचारणार नाही, हा माझा शब्द आहे. आणि बसवून झाल्यावर पंधरा दिवसांनी परत जाऊन, त्याच जागी उभं राहून, तेच मोजायचं.

आपल्या विदर्भाला निसर्गाने इतकं तापवलं, पण एक सोयही दिली आहे. आपला उन्हाळा कोरडा आहे. 45 अंशांची, 15 टक्के आर्द्रतेची हवा नीट भिजलेल्या पॅडमधून गेली की 28-29 अंशांपर्यंत उतरू शकते. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतली सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता ओढून घेतं, आणि त्यासाठी वीज लागते ती फक्त पंख्याला आणि पंपाला. मुंबईच्या दमट हवेत हे जमत नाही. आपल्याकडेही ऑगस्टमध्ये जमत नाही. 32 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असली तर हाच कूलर जेमतेम दोन-अडीच अंश उतरवतो. हे ग्राहकाला आपणच आधी सांगायचं, त्याने फोन करून ओरडायची वाट बघायची नाही.

आता नाव.

नावासाठी एका एजन्सीकडून यादी मागवली होती. चकचकीत नावं होती, एकही माझ्या तोंडात बसेना. मग एकदा संध्याकाळी पॅड विभागात उभा होतो. मंदाताई टेस्टिंग करत होत्या. तुम्ही रोज बघता, मी त्या दिवशी थांबून बघितलं. पंप सुरू करून त्या पाच मिनिटं थांबतात, मग तळहात नाही, हाताची मागची बाजू पॅडवर वरून खाली फिरवतात. एका कोपऱ्यात हात थांबला. मला तिथे काही दिसत नव्हतं. त्यांनी माझा हात धरून तिथे ठेवला. दोन बोटं रुंदीची कोरडी पट्टी होती, वरपासून खालपर्यंत, आणि तिच्यातून गरम हवा सरळ आत येत होती. वरच्या नळीचं एक छिद्र खाराने बुजलं होतं. मंदाताई म्हणाल्या, "याने अजून ओलावा नाही धरला, साहेब. हा बाहेर नाही जाणार."

आपलं नाव तिथे मिळालं. ओलावा.

गेली पंधरा वर्षं हा शब्द या शेडमध्ये दिवसातून पन्नासदा बोलला जातोय. पॅडने ओलावा धरला का, ओलावा सगळीकडे सारखा आहे का. आपल्या सगळ्या विद्येचं मूळ एवढंच आहे. आणि घरी आपण हाच शब्द माणसाबद्दल वापरतो. त्याच्या बोलण्यात ओलावा आहे, म्हणतो. दवाखान्याच्या त्या बाकाजवळ माझ्याकडे जे नव्हतं, ते हेच.

मीटिंगमध्ये अकाउंटच्या शंकरभाऊंनी हरकत घेतली होती. म्हणाले, भिंतीला ओलावा आला की लोक घाबरतात, हे नाव कसं चालेल? हरकत रास्त आहे, आणि मी ती मनात ठेवली आहे. जिथे नको तिथे गेलेला ओलावा नुकसानच करतो. टाकी गळली, पाणी साचलं तर त्यात डासाची अळी होते. डेंगीच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आपल्या प्रत्येक सर्व्हिस करारात टाकी दर आठवड्याला रिकामी करून, घासून, कोरडी करण्याचं काम लिहिलेलं आहे. पेंचचं पाणी पाइपातून येतं म्हणून ते फुकट आहे असं समजायचं नाही. फ्लोट अडकून रात्रभर पाणी वाहत असेल, तर ती आपली चूक धरली जाईल.

आता तुमचं. कायद्याने कंपनी तीच आहे, फक्त नाव बदललं, त्याचं प्रमाणपत्र आलं आहे. पॅन तोच आहे. तुमचा पीएफचा यूएएन तोच राहील. ग्रॅच्युइटीची सेवा तुम्ही ज्या दिवशी लागलात त्याच दिवसापासून मोजली जाईल, आजपासून नव्याने नाही. पुढच्या पगाराच्या स्लिपवर नवीन नाव दिसेल, रक्कम तपासून घ्या, काही कमी-जास्त वाटलं तर शंकरभाऊंकडे जा, नाहीतर सरळ माझ्याकडे. जुन्या नावाने विकलेल्या प्रत्येक कूलरची वॉरंटी आपण पाळणार. 1996 चा कूलर जरी कोणी घेऊन आला, तरी त्याला दारातून परत पाठवायचं नाही.

सीझनच्या लोकांबद्दल. दरवर्षी जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आपण 30 जणांना घरी पाठवतो आणि फेब्रुवारीत परत बोलावतो. मधले सात-आठ महिने ते कुठे वीटभट्टीवर, कुठे हमालीवर. कूलर चार महिने विकतो म्हणून माणसंही चार महिन्यांची, असा माझा हिशेब होता. नवीन कामात तसं नाही. पावसाळ्यात शेडचे सर्व्हे आणि हवा बाहेर काढायच्या पंख्यांचं काम आहे, दिवाळीनंतर बसवणी आहे. शिवाय काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागाईतदारांसाठी विटा आणि वाळूच्या गार खोल्यांचं काम आपण घेतलं आहे. दुहेरी भिंत, मधल्या वाळूवर पाणी, विजेची गरज नाही. मृग बहाराचं फळ निघतं तेव्हा ऊन चढायला लागलेलं असतं, तोडलेली संत्री बाजाराच्या गाडीपर्यंत दोन-चार दिवस सावलीत गार राहिली तरी शेतकऱ्याच्या हातात भाव ठरवायला वेळ राहतो.

त्यामुळे 30 पैकी 22 जणांना यंदा 1 जुलैपासून बारमाही ऑर्डर मिळेल. पत्रं तयार आहेत. उरलेल्या 8 जणांचं आज मी वचन देऊ शकत नाही, कारण हातात तेवढं काम अजून नाही. दिवाळीच्या आधी त्यांना बोलावून समोरासमोर सांगेन, होकार असो की नकार. ते आठ जण इथे बसलेत, मला ते दिसताहेत.

आणि या उन्हाळ्याचं पहिलं काम बाहेरचं नाही. काल आपल्याच वेल्डिंग विभागात दुपारी तीन वाजता छातीच्या उंचीवर तापमान मोजलं. 41 अंश. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं कूलर बनवणाऱ्याच्या शेडमध्ये 41. याची मला मनापासून लाज वाटली. सोमवारपासून ती बाजू उघडतोय, दोन दिवस वेल्डिंगचं काम समोरच्या शेडमध्ये चालेल, थोडी गैरसोय होईल, ती सोसा. झाल्यावर आकडा तिथल्याच भिंतीवर खडूने लिहायचा. रोज दुपारी तीनला. 32 च्या वर गेला की काम थांबवायचं आणि मला फोन करायचा, मी कुठेही असलो तरी.

चला, सगळे गेटवर या. पाटीचं कापड मी ओढणार नाही. मंदाताई, तुम्ही पुढे व्हा, दोरी डाव्या बाजूला बांधली आहे.