डालड्याच्या डब्यातली काच

रेवा, कबीर, परवा घरच्या ग्रुपवर आजोबांनी लिहिलं होतं ना, "आम्ही लहानपणी बोटीने गावी जायचो, मी आज्येच्या दिव्याची काच मांडीवर घेऊन बसायचो"? लिहिलं तेवढंच, आणि मग काकूच्या वाढदिवसाचे केक आले नि ते मेसेज वर निघून गेले. मला काही राहवेना. मी आजोबांना फोन लावला, सगळं खोदून खोदून विचारलं. तुम्हाला झोपताना वाचायला म्हणून ही त्याचीच गोष्ट लिहिली आहे.

साल 1966. तुमचे आजोबा तेव्हा आजोबा नव्हते, नऊ वर्षांचे होते आणि त्यांना सगळे विनू म्हणायचे. विनू मुंबईत, लालबागच्या एका चाळीत राहायचा. वडील गिरणीत कामाला. घरात आई, धाकटी बहीण सुमी आणि एक खोली. मे महिना आला की चाळ अर्धी रिकामी व्हायची, कारण सगळे चाकरमानी आपापल्या गावी कोकणात जायचे. विनूचं गाव मालवणजवळ. तिथे त्याची आजी एकटी राहायची. तिला सगळे आज्ये म्हणायचे.

त्या वर्षी एप्रिलमध्ये आज्येचं पत्र आलं. आज्येला लिहिता यायचं नाही, शेजारच्या मास्तरांनी लिहून दिलं होतं. पत्रात सगळ्यांची खुशाली होती, आंब्याला मोहर बरा धरल्याचं होतं, आणि पाकिटात शिवायच्या दोऱ्याचा एक तुकडा होता. दोऱ्याला मध्ये एक गाठ.

"हे काय?" विनूने विचारलं.

वडिलांनी पत्र पुढे वाचलं. ओटीवरच्या टांगत्या दिव्याची काच तडकली होती. गावात तेव्हा वीज नव्हती. संध्याकाळी घरोघर रॉकेलचे दिवे लागायचे. आज्येच्या ओटीवरचा दिवा मोठा होता, तिच्या नवऱ्याने कधीकाळी मुंबईहून आणलेला, आणि त्या मापाची काच मालवणच्या बाजारात मिळत नव्हती. म्हणून तिने दिव्याच्या तोंडाभोवती दोरा गुंडाळून जिथे टोक पोचलं तिथे गाठ मारली होती. झालं माप! फूटपट्टी नको, आकडे नकोत.

सुट्टीच्या दिवशी विनू आणि वडील दोरा घेऊन निघाले. एका दुकानात काच मोठी, दुसऱ्यात लहान. दुकानदार काच पुढे करायचा आणि विनू तिच्या बुडाभोवती दोरा फिरवायचा. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने आतून एक काच काढली. खाली गोल, मधे फुगीर, वर निमुळती. दोरा फिरवला. टोक बरोबर गाठीला टेकलं.

घरी आल्यावर आईने डालड्याचा रिकामा पत्र्याचा डबा काढला. तळाला कोंडा घातला, काच जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून आत ठेवली, भोवती आणखी कोंडा भरला आणि झाकण घट्ट बसवलं. वडिलांना रजा मिळणार नव्हती. ते विनूला म्हणाले, "आईकडे ट्रंक, वळकटी आणि सुमी. काच तुझ्याकडे."

एवढंच म्हणाले. आजोबा फोनवर मला सांगत होते की त्या वाक्याने त्यांना एकदम उंच झाल्यासारखं वाटलं.

बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटायची. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, ती खूप नंतर, 1998 मध्ये पूर्ण झाली. बोटीवर डेकवरच चटई पसरून जागा धरायची. भोंगा वाजला, धक्का मागे सरकू लागला, वडील हात हलवत लहान लहान होत गेले. विनूने हात हलवला नाही. दोन्ही हात डब्याभोवती होते. त्याने नुसती मान हलवली, जोरजोरात.

दिवसभर बोट किनारा धरून चालली. कुणाला बोट लागली की लिंबू हुंगायला द्यायचे. आईने पोळीभाजीचं गाठोडं सोडलं तरी विनू एका हाताने जेवला. लघवीला जायची वेळ आली तेव्हा मात्र डबा आईच्या मांडीवर ठेवावा लागला.

"हलवू नकोस हां," तो म्हणाला.

"नाही हलवत. जा आता पटकन."

तो धावत गेला, धावत आला आणि आधी झाकण तपासलं.

रात्री डेकवर वारा सुटला. सुमी आईच्या कुशीत झोपली. विनू डब्याभोवती अंगाची वेटोळी करून झोपला. मधे मधे बोट एखाद्या बंदराबाहेर थांबायची, भोंगा व्हायचा, काळोखात कंदील हलत जवळ यायचे, माणसं ओरडायची, उतरायची, आणि बोट पुन्हा पुढे निघायची.

उजाडायला लागलं तेव्हा मालवण आलं. समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला दिसत होता, शिवाजी महाराजांनी बांधलेला. बोट काही किनाऱ्याला लागत नसे, पाणी उथळ आणि खडक फार. ती लांब समुद्रातच उभी राहायची आणि माणसांना न्यायला पडाव यायचे. पडाव म्हणजे मोठी लाकडी होडी. आता नीट ऐका, कारण सगळी गंमत इथेच आहे. बोट मोठी, ती फारशी हलत नाही. पडाव मात्र लाटेबरोबर वर येतो आणि लाट सरली की खाली जातो, चांगला तुमच्या उंचीएवढा खाली. म्हणून पडाव वर आला की त्याच क्षणी पाऊल टाकायचं. उशीर झाला तर पुढच्या लाटेची वाट बघायची. आणि उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत, कारण वरचा खलाशी एक हात धरणार आणि पडावातला दुसरा.

आई उतरली. सुमीला खलाशाने बोचकं द्यावं तसं अलगद खाली दिलं. आता विनू.

"डबो हडे दी," वरचा खलाशी म्हणाला.

विनूने मान हलवली. नाही.

"अरे झिला, दोनय हात मोकळे कर. पडशीत."

"यात काच आहे. माझ्याकडे दिलीय."

मागे माणसं खोळंबली. कुणीतरी म्हणालं, घ्या त्या पोराच्या हातातून डबा ओढून. आई खालून हाका मारत होती. विनूच्या डोळ्यात पाणी आलं, पण हात काही सुटले नाहीत.

पडावाचा तांडेल वर बघत होता. काळा, उंच, पांढऱ्या मिशांचा म्हातारा. त्याने सुकाणू दुसऱ्याच्या हाती दिलं आणि एका लाटेबरोबर सहज वर आला, आपण पायरी चढतो तसा. विनूसमोर उकिडवा बसला.

"कोणाक रे काच?"

"आज्येक," विनू म्हणाला. मुंबईचा मुलगा, पण मालवणी यायचं त्याला.

"मगे ती तुझ्याचकडे रवाक व्हयी," तांडेल म्हणाला.

त्याने डोक्याचं मुंडासं सोडलं. लांबच लांब कापड होतं ते, मीठ लागून कडक झालेलं. डबा विनूच्या पाठीला लावला, कापड खांद्यावरून, काखेतून, पोटावरून घेऊन घट्ट गाठ मारली. डबा हलेना की डुलेना. आणि विनूचे दोन्ही हात मोकळे!

"आता लाटेकडे बघ नको. माझ्याकडे बघ. मी सांगान तेवाच पाय टाक."

पडाव खाली गेला. वर आला. पुन्हा खाली गेला.

"आता!"

विनूने पाऊल टाकलं. क्षणभर पायाखाली काहीच नव्हतं. मग लाकूड लागलं, चार हातांनी त्याला धरलं आणि तो आईच्या शेजारी धप्पकन बसला.

"फुटली काय रे?" सगळा पडाव विचारायला लागला. एक जण डबा हलवून बघायला पुढे झाला तर विनू ओरडला, "हलवू नका!"

किनाऱ्याजवळ खलाशांनी माणसांना खांद्यावर घेऊन कोरड्या वाळूत सोडलं. तांडेलाने मुंडासं सोडून घेतलं, डोक्याला गुंडाळलं आणि पुढच्या फेरीला निघून गेला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं, असं आजोबा म्हणाले, आणि ही एक गोष्ट त्यांना अजून लागून राहिली आहे.

बैलगाडीने घरी पोचायला ऊन डोक्यावर आलं. आज्ये खळ्यात उभीच होती. तिने तिघांवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, सुमीचे पापे घेतले. मग विनूकडे वळली.

"इलंस रे माज्या झिला! काच खंय?"

ओटीवर सगळे गोल बसले. झाकण इतकं घट्ट बसलं होतं की उलथन्याने उचकटावं लागलं. आज्येने कोंड्यात हात घातला, फडकं बाहेर काढलं, एक एक पदर उलगडला. काच आख्खी होती. साधा चरासुद्धा नाही. तिने ती उन्हात धरून सगळीकडून बघितली आणि दिव्यावर बसवली. बरोब्बर बसली.

संध्याकाळी दिवा लागला तेव्हा शेजारची माणसं मुद्दाम बघायला आली. येणाऱ्या प्रत्येकाला आज्ये सांगत होती, "माज्या नातवान मुंबयसून हाडल्यान. दर्यातसून." आणि प्रत्येकाला पडाव, मुंडासं आणि लाट पहिल्यापासून ऐकावी लागत होती.

दुसऱ्या दिवशी काच काजळीने काळी झाली. ती रोज पुसावी लागते. आज्येचा हात काही आत जाईना, आईचाही नाही. विनूचा गेला. चुलीतली गार राख फडक्यावर घ्यायची, हात आत घालून हळूहळू फिरवायचा, मग कोरड्या फडक्याने पुसायचं. राखेत बारीक खडा राहिला तर काचेवर ओरखडा येतो, म्हणून राख आधी चाळायची. महिनाभर ते काम विनूचं. रोज चार वाजता तो पायरीवर बसायचा आणि फणसाचे गरे मिळाले तरी काम झाल्याशिवाय हात लावायचा नाही.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा गावी गेले, विनू धावत पायरीवर जाऊन बसला, काच घेतली, हात घातला आणि तो बोटांच्या पेरांशीच अडकला. वर्षभरात हात मोठा झाला होता! मग त्याने सुमीला बोलावलं, शेजारी बसवलं आणि राख कशी चाळायची ते दाखवलं.

सुमी म्हणजे कोण, ओळखलंत का? आपली पुण्याची सुमीआजी! रविवारी फोन करून तिला विचारा, काच कोण जास्त चकचकीत पुसायचं. आजोबांना ऐकू जाईल असा स्पीकर मात्र लावा, कारण मी दोघांनाही विचारलं आणि दोघांनीही आपलंच नाव सांगितलं.