मौजे खडकवस्तीच्या नळयोजनेची नादुरुस्त जलवाहिनी: सरपंचांचे पत्र

ग्रामपंचायत कार्यालय, खडकवस्ती
दिनांक : 2 फेब्रुवारी 2026

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
ग्रामीण पाणीपुरवठा विभाग, जिल्हा परिषद

विषय : नळपाणीपुरवठा योजनेची ऊर्ध्ववाहिनी बदलणे, माळआळीची वितरण वाहिनी वाढीव व्यासाने टाकणे व त्यासाठी संयुक्त स्थळपाहणी करणेबाबत.

महोदय,

26 जानेवारीच्या ग्रामसभेत पाण्याशिवाय दुसऱ्या विषयावर चर्चा होऊ शकली नाही. तिथे झालेला ठराव क्र. 7 सोबत जोडला आहे. ठरावात सगळे मावत नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

आमच्या मागील अर्जांना उपविभागाकडून दोन उत्तरे मिळाली. उद्भव अपुरा असल्याने नवीन विंधन विहिरीचा प्रस्ताव द्यावा, हे पहिले. माळआळी उंचावर असल्याने तिथे दाब मिळणे अवघड आहे, हे दुसरे. या दोन्हींशी आम्ही सहमत नाही, आणि त्याची कारणे मोजून देत आहोत.

आधी उद्भवाचे. बंधाऱ्याजवळच्या विहिरीत आज उपसा थांबला की रात्रीत पाणी मूळ पातळीवर येते. पंपघरातल्या मीटरवर तासाला 15,000 लिटर पाणी बाहेर पडते. त्याच वेळी वितरण बंद ठेवून जलकुंभातली पातळी मोजली, तर तासाला 9,000 लिटरच भर पडते. म्हणजे 3.2 किलोमीटरच्या वाहिनीत दर तासाला 6,000 लिटर पाणी जमिनीत जाते. पंपाला थ्री-फेज वीज दिवसाला 8 तास मिळते. गावची लोकसंख्या 2,140. जल जीवन मिशनच्या निकषाने माणशी 55 लिटर धरले तर रोज 1,17,700 लिटर पाणी लागते. विहिरीतून 1,20,000 लिटर निघते आणि टाकीत 72,000 लिटर पोहोचते. विंधन विहीर खोदून तिचेही पाणी याच पाइपात सोडायचे असेल, तर तो खर्च कृपया करू नये.

गळती कुठे आहे हे गावातले पोरही सांगेल. पंपघर ते ओढ्यापर्यंतचा रस्ता रुंद झाला आणि पूर्वी साइडपट्टीत असलेला सिमेंटचा पाइप डांबराखाली आला. ऊसतोडीच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या त्यावरून रात्रंदिवस जातात. सिमेंटचा पाइप वाकत नाही, तडकतो. जोडावरच्या रबरी रिंगा केव्हाच कडक झाल्या आहेत. या मापाचे पाइप व कॉलर आता बाजारात मिळत नाहीत, त्यामुळे आमचे जलसुरक्षक ट्रॅक्टरच्या ट्यूबचा पट्टा गुंडाळून वर क्लॅम्प आवळतात. एक जागा बांधली की पुढचा जोड सुटतो. त्यात पंपाजवळचा एनआरव्ही नीट बसत नाही. वीज गेली की वाहिनीतले पाणी उलटे येते आणि त्याचा दणका याच कमकुवत जोडांना बसतो. चढावरच्या दोन एअर व्हॉल्व्हपैकी एक गंजून बंद पडला आहे. पुन्हा पंप सुरू केल्यावर हवा निघायलाच बराच वेळ जातो, आणि 8 तासांतला तेवढा वेळ वाया जातो.

आता माळआळीचे. जलकुंभाच्या तळापेक्षा ही आळी 8 मीटर खाली आहे. पाणी सोडून सगळे नळ बंद ठेवले आणि शेवटच्या घराच्या नळाला पारदर्शक नळी लावून भिंतीवर उभी धरली, तेव्हा पाणी साडेसात मीटर चढले. नळ उघडल्यावर तेच पाणी दीड मीटरवर आले. एकमजली घरांसाठी अपेक्षित दाब 7 मीटरचा. उंचीची अडचण असती तर नळ बंद असतानाही पाणी चढले नसते. अडचण 63 मिलिमीटरच्या पाइपाची आहे. तो 40 घरांसाठी टाकला होता, आज त्यावर 110 जोडण्या आहेत. घरोघरी नळ आले, त्याबद्दल विभागाचे आभारच आहेत. पण मागची वाहिनी तशीच राहिली.

याचे परिणाम आपल्या कार्यालयापर्यंत पोहोचत नसावेत. विजेची पाळी रात्रीची असली की टाकी पहाटे भरते, आणि बाया तीन वाजल्यापासून हंडे लावून बसतात. माळआळीला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी मिळते, तेही अर्धा तास. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताई ओढ्याजवळच्या हातपंपावरून पाणी आणतात. दाब नाही म्हणून काहींनी नळाला थेट मोटारी लावल्या आहेत, त्यामुळे पुढच्या घराला थेंबही जात नाही. हे चूक आहे आणि आम्ही नोटिसा दिल्या आहेत. पण ज्याच्या नळाला पाणीच येत नाही त्याच्याकडून मोटार काढून घ्यायला जाणे सोपे नाही, हेही समजून घ्यावे.

सगळ्यात जास्त काळजी वेगळीच आहे. वाहिनी बराच वेळ रिकामी राहते, आणि मोटारीने ओढ लागली की गटाराशेजारचे फुटके जोड बाहेरचे पाणी आत घेतात. टाकीवर टीसीएलची मात्रा नियमित देऊनही शेवटच्या नळावर ओटी चाचणीत पिवळा रंग येत नाही, म्हणजे तिथे लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीनही उरत नाही. जानेवारीत माळआळीत जुलाबाचे रुग्ण वाढल्याचे आरोग्य सेविकांनी लेखी कळवले आहे. साथ पसरल्यावर टँकर आणि औषधफवारणी यांवर जो खर्च होईल, त्यात थोडाफार पाइप नक्की येईल.

आमची मागणी मर्यादित आहे. पूर्ण योजना नवी नको. पंपघर ते ओढा हा 1,140 मीटरचा टप्पा रस्त्याबाहेरून एचडीपीई पाइपाने बदलावा. ओढा ओलांडणीच्या जागी लोखंडी पाइप घ्यावा. माळआळीला जलकुंभापासून 90 मिलिमीटरची स्वतंत्र वाहिनी द्यावी. एनआरव्ही व एअर व्हॉल्व्ह तर लगेच बदलता येतील, त्यासाठी अंदाजपत्रकाची वाट पाहायला लावू नये. पंप शेतीच्या फीडरवर आहे. तो गावठाण फीडरवर घेण्यासाठी वीज वितरण कार्यालयाकडे आपली शिफारस मिळाली तर रात्रीची पाळी संपेल.

ग्रामपंचायत हात वर करून बसलेली नाही. वित्त आयोगाच्या बंधित निधीतून माळआळीच्या वाहिनीचा खर्च उचलण्यास ग्रामसभेने मान्यता दिली आहे. मात्र अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता आपल्याकडूनच मिळणार. रस्त्याकडेने खोदाईच्या परवानगीचा अर्ज आम्ही केला आहे. ज्या तीन शेतकऱ्यांच्या बांधावरून वाहिनी जाईल, त्यांची संमतीपत्रे सोबत आहेत. पाणीपट्टी वसुली निम्म्यावर आली आहे, हे खरे. आलेल्या पैशातून पंपाचे वीजबिल भागत नाही. पण न मिळालेल्या पाण्याची पट्टी कुठल्या तोंडाने मागायची, हा प्रश्न मला दर महिन्याच्या बैठकीत विचारला जातो.

तरी 15 फेब्रुवारीपूर्वी शाखा अभियंत्यांना संयुक्त पाहणीसाठी पाठवावे. पंप सुरू असताना यावे, म्हणजे मीटर आणि टाकी दोन्हीकडचे आकडे त्यांना स्वतः घेता येतील. आमच्या मोजणीत फरक निघाला तर त्यांचा आकडा आम्ही मान्य करू. अंदाजपत्रक मार्चअखेर मंजूर झाले तर पावसाआधी चर खोदून काम उरकता येईल. एप्रिल उलटला तर टंचाईच्या आराखड्यात आमच्या गावापुढे टँकर लिहावा लागेल, आणि तोही विहिरीत पाणी असताना.

कळावे,

आपली विश्वासू,
सरपंच, ग्रामपंचायत खडकवस्ती
(सही व शिक्का)

सोबत : ग्रामसभा ठराव क्र. 7 ची प्रत, मीटर व जलकुंभ पातळीच्या नोंदवहीची प्रत, आरोग्य सेविकांचे पत्र, शेतकऱ्यांची संमतीपत्रे, गळतीच्या जागांचे फोटो व हातनकाशा.

प्रत माहितीसाठी : मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, मा. उपअभियंता, पाणीपुरवठा उपविभाग.