वजनकाट्याच्या पावत्या

गोमेकॉतल्या हाडांच्या वॉर्डात सिस्टरने मामाचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत भरून माझ्या हातात दिले. "खिसे इथंच तपासा हं बाई. मागाहून काही कमी निघालं तर आमच्या नावानं ओरड होते." म्हणून बांबोळीच्या त्या लांबलचक व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, मी वासूमामाचे खिसे उलटे केले.

पँटच्या उजव्या खिशात चावी निघाली, सुतळीला बांधलेली. सुतळीचं दुसरं टोक खिशाच्या आतून टाका घालून शिवलं होतं. चावी खाली पडलीच तर वाजू नये, इतकी काळजी कुणी घेतं का? डाव्या खिशात कागदाच्या तीन पुड्या. एकीत लवंगा, दुसरीत खडीसाखर, तिसरीत ज्येष्ठमधाच्या काड्या. मला वाटलं, याला जुना खोकला असणार. पाकिटात तीनशे चाळीस रुपये आणि डिचोली-सांखळी बसची दोन तिकिटं होती. शर्टाच्या खिशात दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली होत्या, इतक्या आखूड की एखाद्या शाळकरी पोरानेही टाकून दिल्या असत्या. आणि एक छोटी बॅटरी, तिच्या काचेवर मिठाईच्या खोक्याचा लाल जिलेटिन कागद रबरबँडने घट्ट बसवलेला.

बॅटरी मी पेटवून पाहिली. उजेड असा की समोरचा माणूसही धड दिसू नये.

शर्ट गडद निळा, पँट काळी. आमच्या घरी मामाच्या कपड्यांवरून कायम बोलणं व्हायचं. आईच्या मते तिचा भाऊ बारा महिने सुतकात असतो. माझ्या लग्नालाही तो बाटलीच्या रंगाचा शर्ट घालून आला, मंडपाच्या खांबाआड उभा राहिला आणि जेवण होताच नाहीसा झाला. अल्बममध्ये तो कुठेच नाही. नाटकांच्या मागे फिरतो एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे नेमकं काय करतो, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पडदे ओढत असेल, खुर्च्या मांडत असेल, असा आपला अंदाज. परवा मध्यरात्री देवळासमोरच्या रंगमंचाच्या फळकुटी जिन्यावरून उतरताना त्याचा पाय सटकला आणि मांडीचं हाड मोडलं. मंडळाच्या पोरांनी त्याला आणून दाखल केलं आणि त्यातल्या एकाने वहीतला नंबर पाहून आम्हाला फोन लावला.

"आधार कार्ड, दीनदयाळचं कार्ड आणि एक लुंगी," आईने मला यादी दिली. मामा स्वतः काहीच बोलला नाही. डोळे मिटून पडला होता.

डिचोलीत बाजाराच्या मागच्या गल्लीत, नळ्यांच्या छपराच्या एका जुन्या घराचा माडीवरचा भाग त्याने भाड्याने घेतलाय. घरमालकीण शेवंताआक्का खाली बलकांवात सोलं निवडत होत्या. चावी पाहिल्यावर उठल्याच. "मांडीचंच ना? डोक्याला नाही ना लागलं?" डोक्याला नाही हे दोनदा कळल्यावर सोलांकडे वळल्या. "पाच तारखेला भाडं. इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नाही. पण रात्री वर कोण येतं विचारू नका. परवा औरंगजेब आला होता. मी भिंतीवर काठी आपटली तेव्हा गप्प बसला."

खोलीचं दार आवाज न करता उघडलं. बिजागऱ्यांना खोबरेल लावलेलं, वास येत होता. आत टीव्ही नाही. कॉट, मोरी, एक बर्नरचा गॅस, फळीवर कोकमाची बाटली. दोरीवर वाळत घातलेले शर्ट: काळा, निळा, चॉकलेटी, पुन्हा काळा. पांढरं म्हणायला एक पंचा, बास. दाराशी रबरी तळव्यांचे कॅनव्हासचे बूट. त्यांच्या शिवणीत लाल माती मुरलेली, खाणीवरची. ती माती धुऊन जात नाही हे आमच्या भागात कुणालाही सांगावं लागत नाही. मामा एका खाणीच्या वजनकाट्यावर कारकून होता. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजा जाता खनिज किती, हेच त्याचं काम. २०१२च्या बंदीत एकदा घरी बसला, पुन्हा लागला. मग सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केली, १६ मार्च २०१८पासून खाणी थांबल्या, आणि मामा जो घरी बसला तो बसलाच. म्हणजे आम्हाला तरी तसंच वाटायचं.

खिडकीपाशी एक लाकडी स्टूल होतं. त्याचे पाय करवतीने वीतभर कापलेले. बसून पाहिलं तर माझे गुडघे हनुवटीला लागले. असं स्टूल कुणाला लागतं? स्वयंपाकाला उंची पुरणार नाही, जेवायला पाट असतो. स्टुलाच्या पायांना खालून सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठोकलेले.

आधार कार्ड कॉटखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत असणार म्हणून ती ओढली. वरच पिशवी होती, तिच्यात दोन्ही कार्डं. आधारच्या लॅमिनेशनमध्ये पाणी शिरून फोटोच्या जागी निळसर डाग पडला होता. काम झालं होतं. मी तिथूनच निघायला हवं होतं.

पण पिशवीखाली वह्या होत्या. लांबोडक्या, पुठ्ठ्याच्या, कापडी पाठ असलेल्या, दुकानदार उधारी मांडतात तशा. प्रत्येकीवर नाटकाचं नाव आणि खाली गावांची नावं: मये, साळ, मुळगाव, कुडणे, हरवळे. एकेका नाटकाखाली वीस-वीस गावं. आतली संहिता मामाच्या अक्षरात. छापील पुस्तक असताना माणूस अख्खं नाटक हाताने का उतरवेल, हे मला दोन पानं वाचल्यावर कळलं. त्याने अक्षर बोटभर मोठं काढलं होतं, ओळींत अंतर सोडलं होतं आणि कुठलंच वाक्य पान उलटताना तुटू दिलं नव्हतं. लाल उजेडात, मांडीवर वही घेऊन, पान न वाजवता वाचता यावं म्हणून.

मग ते स्टूल, ते बूट, ते काळे शर्ट, शिवलेली चावी, सगळंच जागेवर बसलं. विंगेत बसणाऱ्याचा शर्ट पांढरा असेल तर पहिल्या रांगेला तो दिसतो. उंच बसला तर सावली पडते. खोकला आला तर संभाजीच्या मरणात लोक हसतात. लवंग त्यासाठी.

समास मात्र संहितेहून भारी होते. पेन्सिलीने, बारीक, एकेका नटाच्या नावाने टिपणं:

"दत्ता – 'तथापि'ला अडखळतो. आधीच दे."

"बाबलो – चुकला तरी सोड. लोकांना तेच आवडतं."

"स्त्रीपार्टी नवीन, तालीम एकच. पहिला अंक पूर्ण वाच. दुसऱ्यापासून फक्त सुरुवात."

"येथून दोन पानं उडी मारण्याचा संभव. बोट पुढच्या खुणेवर ठेव."

आणि एका बापाच्या भूमिकेपाशी, तिसऱ्या अंकात, चौकट करून: "येथे थांब. विसरलेला नाही. रडतो. सात मोज, मग बघ." सातवर काट मारून नऊ केलं होतं. नऊवर काट मारून पुढे गावाचं नाव आणि 'अकरा'.

आईचा हा भाऊ. माझ्या बाबांच्या तेराव्याला आला, तासभर आईसमोर बसला आणि एक शब्द न बोलता गेला. आईने ते आजवर मनात धरलंय. आता मला वाटलं, तो मोजत होता की काय. आईला हे सांगावं की नाही, ठरवता येईना. ती म्हणेल, नाटकं कर तूही.

वह्यांच्या मधे खुणेसाठी घातलेले कागद पडत होते म्हणून एक उचलला. वजनकाट्याची पावती. ट्रकचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ. मागच्या कोऱ्या बाजूवर बाजीप्रभूचं भाषण. दुसरीच्या मागे विदूषकाचे विनोद, एकावर 'चालत नाही' असा शेरा. ट्रंकेच्या तळाशी असल्या पावत्यांचे गठ्ठेच होते, रद्द झालेल्या, छपाई चुकलेल्या, कागद वाया जाऊ नये म्हणून आणलेल्या. रांगेत ट्रक धुरळा उडवत उभे आणि आत काट्याच्या केबिनमध्ये हा माणूस दोन ट्रकांच्या मधल्या वेळात अफजलखान उतरवून घेतोय! सगळ्यात वरच्या गठ्ठ्यावर मार्च २०१८चा पहिला आठवडा. त्यानंतरची टिपणं कॅलेंडरच्या मागे, औषधांच्या खोक्यांवर, जे मिळेल त्यावर.

ट्रंकेच्या झाकणाला आतून एक फोटो चिकटवलेला होता. रंगमंचावर राजा, राणी, हात जोडलेला सेनापती. अगदी कडेला, विंगेच्या कापडाबाहेर, एक मनगट आणि वहीचा कोपरा. त्या मनगटाभोवती कुणीतरी पेनाने गोल काढला होता.

जिन्यावर पावलं वाजली. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा दारात, हातात हेल्मेट. मयेहून आला होता. "वासूकाका बरे आहेत ना? वही न्यायला आलो. आज आमच्या वाड्यावर नाटक आहे, तारीख बदलता येत नाही, देवाचा कौल झालाय."

"प्रॉम्प्टिंगला कोण बसणार?"

"मीच. वाचायचंच तर आहे."

मी त्याला तिसऱ्या अंकातली चौकट उघडून दाखवली. त्याने वाचली, डोकं खाजवलं. "अकरा? लोक शिट्ट्या मारतील."

"मारू देत. तू मोज."

तो वही काखेत मारून वळला. तेवढ्यात ट्रंकेतली शेवटची वही माझ्या हाताला लागली, तिच्यावर 'देणे-घेणे' लिहिलेलं. आत रकाने. 'लाकडी तलवार १, मुळगाव, परत. मूठ सैल.' 'दाढी पांढरी १, साळ, परत. उवा.' प्रत्येक ओळीपुढे घेणाऱ्याची सही, आणताना पुन्हा सही. सहीशिवाय या खोलीतून दाढीसुद्धा गेली नव्हती.

"थांब जरा," मी म्हटलं आणि मामाच्याच आखूड पेन्सिलीने ओळ लिहिली: वही १, मये. त्याने सही केली. मग जरा घुटमळला. "ताई, काकांची ती लाल बॅटरी पण मिळाली असती तर... आमच्याकडे मोबाईल आहे, पण त्याचा उजेड फार पडतो."

बॅटरी माझ्या पर्समध्ये होती. काढून दिली आणि वहीत लिहिली: बॅटरी १. त्याने ती पेटवून पाहिली, तळहातावर आपटली, पुन्हा पेटवली.

"सेल बसलेत वाटतं. यात सेल काकांचे असतात ना?"

मी मागची पानं उलटली. मयेच्या नावापुढे, मागच्या वर्षी, त्याच्या आदल्या वर्षीही, एकच नोंद होती: 'सेल २. मंडळाचे. आणून दिले नाहीत.'

"मंडळाचे," मी म्हटलं. "खाली दुकान आहे. मागचे चार धरून सहा आण, मग वही ने."