परिशिष्ट ‘क’ : सदनिकेसोबत राहणाऱ्या व न राहणाऱ्या वस्तूंची यादी

(दि. १४ फेब्रुवारी २०२५ रोजीच्या साठेखताचा भाग)

मिळकत : खणभाग, सांगली येथील इमारतीतील दुसऱ्या मजल्यावरची सदनिका क्र. ७, चटई क्षेत्र ६४० चौ. फूट, खालच्या पार्किंगमधील एका जागेसह. उभयतांची नावे, पत्ते व मिळकतीच्या चतुःसीमा साठेखतात आहेत, त्या इथे पुन्हा लिहिलेल्या नाहीत. यापुढे लिहून देणार यांना ‘देणार’ व लिहून घेणार यांना ‘घेणार’ म्हटले आहे.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ८ प्रमाणे घर विकले की त्याची कुलपे, किल्ल्या, गज, दारे, खिडक्या आणि घराच्या कायमच्या वापरासाठी केलेल्या वस्तू, वेगळे काही ठरले नसेल तर, घराबरोबरच जातात. त्याबद्दल आमच्यात वाद नाही. प्रश्न येतो तो एसी, झोपाळा, कपाट असल्या वस्तूंचा. म्हणून रविवार दि. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी दोन्ही घरच्या मंडळींनी सदनिकेत खोली-खोली फिरून, वस्तू चालू-बंद करून बघून ही यादी केली आहे. यादीत नसलेली पण भिंतीत, छतात किंवा फरशीत पक्की बसवलेली वस्तू राहणार, आणि यादीत नसलेली सुटी वस्तू देणार नेणार, असे समजावे.

मुख्य दार व हॉल

आतले लाकडी दार, बाहेरचे लोखंडी सेफ्टी डोअर, लॅच, कड्या-कोयंडे राहतील. लॅचच्या एकूण चार किल्ल्या आहेत. तीन देणारांकडे, चौथी शेजारच्या काकूंकडे असते. तीही परत घेऊन ताब्याच्या दिवशी चारही किल्ल्या एकदम द्यायच्या.

दोन पंखे, चार ट्यूबलाइट, पडद्यांच्या दांड्या राहतील. पडदे देणार नेतील. टीव्ही जाईल. टीव्हीमागचे प्लायवूडचे पॅनेल भिंतीला स्क्रूने बसवलेले आहे, ते राहील.

झोपाळा : यावर सगळ्यात जास्त बोलणे झाले. फ्लॅट दाखवताना झोपाळा टांगलेला होता, त्यामुळे तो घरासोबत येतो असे घेणारांनी धरले होते आणि तसे धरणे चूकही नव्हते. पण सागवानी फळी व पितळी कड्यांचा हा झोपाळा देणारांच्या आईंचा, जुन्या वाड्यातून आणलेला आहे. तो देणार नेतील. स्लॅबमधले दोन लोखंडी हूक मात्र काढायचे नाहीत. स्लॅब भरताना सळईला बांधून बसवलेले आहेत, ते तोडले तर छत फुटेल. फळी काढल्यावर हूक तसेच, रंग न लावता, ठेवायचे.

स्वयंपाकघर

ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचे सिंक, ओट्याखालच्या ट्रॉल्या, कडप्प्याची मांडणी, माळ्याची दारे, चिमणी व एक्झॉस्ट फॅन राहतील. ट्रॉल्यांपैकी सिंकखालची, डावीकडून तिसरी, अर्धीच उघडते. चाकाचा रूळ गंजला आहे. घेणारांनी ती स्वतः ओढून पाहिली आहे, दुरुस्ती त्यांच्याकडे. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र किंमत न लावता राहील. त्यातल्या फिल्टरची मुदत मे महिन्यात संपते, नवा फिल्टर घेणारांनी घालायचा.

फ्रिज, मिक्सर, घरघंटी व शेगडी देणार नेतील. गॅसचे सिलिंडर व रेग्युलेटर ही गॅस कंपनीची मालमत्ता असल्याने त्यांची विक्री होत नाही. देणार आपले कनेक्शन नव्या पत्त्यावर बदलून घेतील. घेणारांनी आपले कनेक्शन वेगळे आणायचे.

दोन्ही बेडरूम

पंखे, दिवे, भिंतीतली कपाटे त्यांच्या आरशासह राहतील. मोठ्या बेडरूममधला दीड टनाचा एसी, बाहेरच्या युनिट व स्टॅबिलायझरसह, दिवाण आणि लोखंडी कपाट घेणारांनी विकत घेतले आहे. कपाटाच्या आतल्या तिजोरीची किल्ली एकच आहे. गाद्या-उशा, लहान बेडरूममधले मुलीचे टेबल व पुस्तकांची रॅक जाईल. रॅक भिंतीला ठोकलेली आहे. काढल्यावर पडणारी भोके देणारांनी पुट्टीने बुजवून द्यायची, रंग घेणारांचा.

संडास, बाथरूम, गॅलरी

१५ लिटरचा गिझर, नळ, शॉवर, बेसिन, आरसे राहतील. बोअरच्या पाण्याने शॉवरच्या तोंडावर क्षार धरला आहे, धार वाकडी पडते. गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरीची यंत्रणा राहील, वॉशिंग मशीन जाईल. तुळशीचे वृंदावन व सगळ्या कुंड्या देणार नेतील. फक्त जास्वंदीची मोठी कुंडी घेणारांच्या सूनबाईंना आवडली, ती राहू दे असे देणारांच्या पत्नीने स्वतःहून सांगितले. किंमत नाही.

गच्ची, जिना, पार्किंग

गच्चीवरचा २०० लिटरचा सौर बंब या एकाच सदनिकेचा आहे, तो राहील. इन्व्हर्टर व बॅटरी विकत घेतली आहे. पाण्याची मोटर, गच्चीवरच्या टाक्या, जिन्यातले दिवे ही सर्व सदनिकाधारकांची सामाईक मालमत्ता आहे, या व्यवहाराशी संबंध नाही.

पार्किंगमध्ये एक जुनी लोखंडी पेटी आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती पाण्यात होती, पाण्याची रेघ अजून तिच्या अंगावर दिसते. सदनिकेत पाणी चढले नव्हते, हे देणार इथे लिहून देत आहेत. पेटी घेणारांना नको. ताब्याच्या आधी देणारांनी ती भंगारात घालून जागा मोकळी करून द्यायची.

वीज व पाणी : महावितरणचे मीटर व महानगरपालिकेची नळजोडणी जिथे आहे तिथेच राहील. ताब्याच्या दिवसापर्यंतची बिले देणार भरतील, नाव बदलण्याच्या अर्जांवर सह्या करून देतील.

वेगळी किंमत दिलेल्या वस्तू

एसी स्टॅबिलायझरसह रु. १५,०००, इन्व्हर्टर व बॅटरी रु. ११,०००, लोखंडी कपाट रु. ८,०००; दिवाण रु. ६,०००. एकूण रु. ४०,००० (अक्षरी रुपये चाळीस हजार मात्र). ही रक्कम सदनिकेच्या रु. ३८,५०,००० किमतीत धरलेली नाही. ताब्याच्या दिवशी वेगळ्या धनादेशाने द्यायची. बाकी राहणाऱ्या सर्व वस्तू सदनिकेच्या किमतीतच आल्या.

ताब्यापर्यंत

ताबा खरेदीखतानंतर, अक्षय्य तृतीयेला, दि. ३० एप्रिल २०२५ रोजी द्यायचा. तोवर देणार राहत असल्याने रोजच्या वापराने होणारी झीज घेणारांनी धरू नये. पण राहणारी वस्तू काढून नेली, बदलून हलकी बसवली किंवा मोडली, तर देणारांनी तशीच वस्तू बसवून द्यावी. न दिल्यास बाजारभावाने तिची किंमत शेवटच्या हप्त्यातून वजा व्हावी. एसी, गिझर, चिमणी, सौर बंब व इन्व्हर्टर त्या दिवशी दोघांसमोर चालू करून बघायचे. एकदा ताबापावतीवर सही झाली की वापरलेल्या वस्तूंची हमी देणारांवर नाही. ज्यांची बिले व वॉरंटी कार्डे सापडली ती (एसी, बॅटरी, पाण्याचे यंत्र) किल्ल्यांबरोबर एका पाकिटात द्यायची. गिझरचे बिल सापडले नाही.

खोडाखोड : ‘वॉशिंग मशीन’ हा शब्द आधी राहणाऱ्या वस्तूंत लिहिला होता, तो खोडून जाणाऱ्यांत घेतला आहे. त्यावर दोघांच्या छोट्या सह्या आहेत.

सांगली, दि. १४ फेब्रुवारी २०२५

सही/- लिहून देणार (पती व पत्नी, दोघे)
सही/- लिहून घेणार
सही/- साक्षीदार १, साक्षीदार २