टॅग खाते: शिल्लक, कपाती आणि एकाच फेरीचा दोनदा कापलेला टोल

नागपूर · वाहन एमएच ३१ •• ••४७ · कार (वर्ग ४)
टॅग चालू आहे. केवायसी पूर्ण. वार्षिक पास घेतलेला नाही.

उपलब्ध शिल्लक: ₹२२७.००
१५ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०:०५ पर्यंत

[ रिचार्ज करा ]  [ नोंदी डाउनलोड करा ]  [ तक्रार नोंदवा ]

⚠ १४ नोव्हेंबरच्या दोन कपाती एकसारख्या दिसतात. एकदा पाहून घ्या.

अलीकडच्या नोंदी

१४ नोव्हें. · वर्धा मार्ग, नागपूरकडे · लेन ३
टॅग वाचला रात्री ९:०७ · रक्कम कापली रात्री ९:४३
−₹९५.०० · शिल्लक ₹२२७.००  ⚠

१४ नोव्हें. · वर्धा मार्ग, नागपूरकडे · लेन ३
टॅग वाचला रात्री ९:०६ · रक्कम कापली रात्री ९:०६
−₹९५.०० · शिल्लक ₹३२२.००

१२ नोव्हें. · वर्धा मार्ग, हिंगणघाटकडे · लेन ५
टॅग वाचला सकाळी ७:१८ · रक्कम कापली सकाळी ७:१८
−₹९५.०० · शिल्लक ₹४१७.००

९ नोव्हें. · भंडारा मार्ग, नागपूरकडे · लेन २
टॅग वाचला संध्या. ७:४० · रक्कम कापली संध्या. ७:४१
−₹४५.०० (परतीची फेरी) · शिल्लक ₹५१२.००

९ नोव्हें. · भंडारा मार्ग, भंडाऱ्याकडे · लेन ४
टॅग वाचला सकाळी ९:०५ · रक्कम कापली सकाळी ९:०५
−₹८५.०० · शिल्लक ₹५५७.००

९ नोव्हें. · रिचार्ज, यूपीआयने · सकाळी ८:१२
+₹५००.०० · शिल्लक ₹६४२.००

---

या नोंदी कशा वाचाव्यात

प्रत्येक कपातीसमोर दोन वेळा आहेत. पहिली वेळ नाक्यावरच्या यंत्राने काचेवरचा टॅग वाचला त्या क्षणाची, दुसरी आमच्याकडून पैसे गेले त्या क्षणाची. नाक्याचे नेटवर्क अडले की दुसरी वेळ मागे पडते. गाडी घरासमोर उभी असताना मेसेज आला म्हणून ती कपात चुकीचीच, असे धरू नका. आधी टॅग वाचल्याची वेळ पाहा. तेव्हा तुम्ही खरोखर त्या नाक्यावर होता का, हा खरा प्रश्न आहे. नसाल, तर तीही तक्रार इथेच करा. कारणात 'मी या नाक्यावर गेलोच नाही' निवडा.

९ नोव्हेंबरला भंडारा मार्गावर दोन कपाती आहेत, पण त्या बरोबर आहेत. चोवीस तासांच्या आत परत आलात तर दोन्ही फेऱ्यांचा मिळून एकेरी टोलच्या दीडपट आकार लागतो. म्हणून येताना फक्त उरलेला फरक, ₹४५, कापला गेला. १२ तारखेला वर्धा मार्गाने गेलात आणि १४ ला आलात. चोवीस तास उलटून गेल्याने येतानाही पूर्ण ₹९५ लागले. इथपर्यंत हिशेब चोख आहे.

अडचण त्यानंतरच्या नोंदीत आहे. नाका तोच, दिशा तीच, लेन तीच, आणि टॅग वाचल्याच्या वेळेत एका मिनिटाचे अंतर. एका मिनिटात गाडी पुढून वळून, उलट दिशेने नाका ओलांडून, परत त्याच लेनमध्ये येऊ शकत नाही. दोन्ही नोंदी उघडून व्यवहार क्रमांकही ताडून पाहा: एकाचा शेवट ४४१८, दुसऱ्याचा ४४२३. क्रमांक वेगळे आहेत, म्हणजे पैसे खरेच दोनदा गेले. क्रमांक एकच असता आणि मेसेज दोन आले असते, तर कपात एकदाच झाली असती. तसे असल्यास शिल्लकही एकदाच कमी झालेली दिसते.

टॅग वाचला गेला नाही म्हणून तुम्ही रोख किंवा यूपीआयने टोल भरला आणि मागाहून टॅगमधूनही पैसे गेले, तर तीही दोनदा कपातच. अशा वेळी नाक्यावरची पावती फार कामाची असते. पावती घेतल्याशिवाय लेन सोडू नका, आणि घरी आल्यावर तिचा फोटो काढून ठेवा. त्या कागदावरची शाई लवकर उडते.

नाक्यावरच्या कर्मचाऱ्याशी हुज्जत घालू नका. टॅगचे पैसे बँकेकडून बँकेकडे जातात. ते परत तुमच्या टॅगमध्ये घालण्याची सोय त्याच्या हातात नाही. मागे गाड्यांची रांग मात्र वाढते. तक्रार टॅग देणाऱ्या बँकेकडे, म्हणजे आमच्याकडेच करायची असते.

---

तक्रार नोंदवा

वादातील कपात: १४ नोव्हें., टॅग वाचला रात्री ९:०७, ₹९५.००, व्यवहार क्रमांकाचा शेवट ४४२३

कारण: ◉ एकाच फेरीचे दोनदा पैसे कापले
○ मी या नाक्यावर गेलोच नाही
○ रोख भरले, तरी टॅगमधूनही कापले
○ वाहनाचा वर्ग चुकीचा धरला
○ परतीच्या फेरीची सवलत मिळाली नाही

तुमचे म्हणणे:
"१४ तारखेला रात्री हिंगणघाटहून नागपूरला येताना लेन ३ मधून गेलो. पहिल्यांदा टॅग वाचला, पण गेट उघडला नाही. तिथल्या माणसाने गाडी थोडी मागे घ्यायला सांगितली, मग परत वाचल्यावर गेट उघडला. गाडी एकदाच पलीकडे गेली. ४४१८ ची कपात मला मान्य आहे, ४४२३ चे ९५ रुपये परत करावे."

जोडलेले: दोन्ही कपातींच्या मेसेजचे स्क्रीनशॉट

[ तक्रार पाठवा ]

असेच लिहा. काय घडले, कुठल्या क्रमांकाची कपात मान्य आणि कुठली नाही, एवढे पुरे. गेट उघडला नव्हता, गाडी मागे घेतली, हा तपशील सर्वांत मोलाचा, कारण लेनमधला कॅमेरा आणि यंत्राची नोंद त्याच मिनिटाची तपासता येते.

---

✓ तक्रार मिळाली · १५ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०:२०

आता आम्ही हा दावा नाक्याच्या बँकेकडे पाठवू. ती बँक नाक्याकडून लेनची नोंद आणि गाडीचा फोटो मागवते. त्यांनी चूक मान्य केली तर ₹९५ याच टॅग खात्यात जमा होतील आणि वरच्या यादीत 'परतावा' म्हणून दिसतील. दावा नाकारला, तर त्यांनी दिलेला पुरावा तुम्हाला इथे पाहता येईल. तो पटला नाही तर 'पुन्हा तपासा' दाबा. प्रकरण एवढ्यावर संपत नाही.

निकाल लागेपर्यंत ही रक्कम शिल्लकेत धरलेली नाही. पुढच्या प्रवासाआधी ₹२२७ पुरतील का, ते पाहून रिचार्ज करा.

राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्याबद्दल १०३३ वरही सांगता येते. तीस दिवसांत आमच्याकडून उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करा; माहितीसाठी १४४४८. तो तुमचा हक्क आहे आणि त्याला शुल्क लागत नाही.

एक कळकळीची विनंती. परतावा देतो म्हणून कोणी फोन करून ओटीपी, यूपीआय पिन मागितला, लिंक पाठवली किंवा मोबाइलमध्ये एखादे ॲप घ्यायला लावले, तर लगेच फोन ठेवा. पैसे परत घ्यायला पिन लागत नाही. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या 'कस्टमर केअर' क्रमांकांवर फोन करू नका. आमचा क्रमांक टॅगसोबत आलेल्या पत्रावर छापलेला आहे, तोच वापरा.

[ तक्रारीची स्थिती पाहा ]  [ आणखी पुरावा जोडा ]  [ तक्रार मागे घ्या ]