महापुराच्या कवितेवरच्या पत्राला उत्तर

कोल्हापूर,
९ मार्च २०२५

तीर्थरूप मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र गुरुवारी पोचलं. चार पानं पाठपोट लिहिलेली, सोबत माझ्या कवितेचा कागद, तांबड्या पेनानं खुणा केलेला. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन दोन महिनेसुद्धा झाले नाहीत आणि तुम्ही इतकं लिहीत बसलात. सगळ्यात आधी त्याबद्दल नमस्कार करते.

पत्र तीनदा वाचलं. तुम्ही काय म्हणालात ते मला नीट कळलंय की नाही, हे तुम्हालाच तपासता यावं म्हणून माझ्या शब्दांत लिहिते.

‘नदी रागावली माय’ या ओळीखाली तुम्ही लिहिलंत, ‘राग कुणी बघितला?’ २०१९ च्या ऑगस्टमध्ये चिखलीत पाणी गर्जत आलं नाही. खाली कृष्णा तुंबलेली, त्यामुळं पंचगंगेला फूग आली आणि पाणी मागच्या रानातून, आवाज न करता चढत आलं. रात्री उठून पाय खाली टाकला तेव्हा तुम्हाला कळलं. हे वाचल्यावर मी ती ओळ पुन्हा म्हणून बघितली. ती मी कुठंतरी ऐकलेली ओळ आहे, तुमच्या घरातली नाही. काढली.

‘पाण्यात उभी होती माय’ यात नऊ अक्षरं आहेत, हेही बरोबर. बोटांवर मोजली. सगळी कविता आठ अक्षरांची आणि नेमकी तीच ओळ लंगडते. तुम्ही ग्रंथ मोठ्यानं वाचणारे, तुमच्या कानाला ते लगेच लागलं.

शेवटच्या दोन ओळींवर तुम्ही नुसती उभी रेघ मारली आहे आणि बाजूला ‘भाषण’ एवढाच शब्द. तो शब्द पुरेसा होता.

शीर्षकाबद्दलचं म्हणणं मात्र मला अजून पूर्ण उमगलेलं नाही. ‘प्रयाग’ म्हटलं की परगावच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर गंगा-यमुनेचा संगम येईल आणि आपला चिखलीचा संगम बाजूला राहील, इथवर समजलं. पण पुढं तुम्ही ‘नाव आधी ठरवलंस म्हणून कविता अडली’ असं लिहिलंय, तिथं मी थांबले. भेटल्यावर हे पुन्हा सांगा. मी ऐकून घेईन.

आता मामींचं.

कवितेत मी मामींना माळ्यावर बसवलं आणि त्यांच्या हातात देव्हाऱ्यातला देव दिला. तुम्ही लिहिलंत, ‘तिच्या हातात देव नव्हता. दावं कापलेला तुकडा होता. म्हशी पोहून तरी जगतील म्हणून तिनं विळ्यानं दावी कापली आणि एक तुकडा मुठीत तसाच राहिला. नावेत चढवताना जवानानं मूठ उघडायला सांगितली तरी उघडेना.’ मामा, हे मला माहीत नव्हतं. गेली पाच वर्षं मी तुमच्याकडं येते, जेवते, त्या भिंतीवरची पाण्याची रेघ बघते, आणि हे मी कधी विचारलं नाही. पाणी चढत होतं तेव्हा मी गंगावेशेपर्यंत जाऊन बघून परत आले होते. तुम्ही ‘तू पूर पुढच्या दारानं बघितलास’ असं लिहिलंय, ते मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवलंय.

त्या ओळीचं काय करायचं ते आज ठरवत नाही. देवाच्या जागी दाव्याचा तुकडा घातला आणि कविता दुरुस्त झाली, असं घाईनं करायला मन घेत नाही. मामींनी ती गोष्ट मला सांगितलेली नाही, तुम्हाला सांगितली आहे. त्यांना विचारल्याशिवाय ती कवितेत येणार नाही.

तुमच्या बाकीच्या खुणा, म्हणजे ‘भिजलेलं’ऐवजी ‘फुगलेलं’ धान्य, कणगी फुटल्यावर येणारा आंबूस वास, पाणी उतरल्यानंतरचा गुडघाभर चिखल, हे सगळं वेगळ्या कागदावर लिहून घेतलंय. तुम्ही ते कवितेसाठी दिलंत की मला कळावं म्हणून, कसंही असो, माझ्याकडं ते जपून राहील.

तुम्ही गोड बोलून कागद परत करू शकला असता. माझ्या बाकीच्या वाचकांत पुराच्या पाण्यात उभं राहिलेलं कुणी नव्हतं. तुम्ही होता, आणि तरी तुम्ही अक्षर न् अक्षर वाचलंत. मनापासून आभार, मामा.

पाडव्याला येते. नवी प्रत आणणार नाही, वही आणेन. मामींना नमस्कार सांगा, आणि त्यांची हरकत नसेल तर एवढं विचारून ठेवा की तो दाव्याचा तुकडा अजून घरात आहे का.

तुमची भाची