उत्तरपत्रिका मुलांकडेच आहेत
(दहावीच्या अभ्यासवर्गाची पालकसभा, दांडिया बाजार, वडोदरा)

नमस्कार. रविवारची दुपार मोडून तुम्ही सगळे आलात, तीन-चार घरांतून आजी-आजोबाही आलेत. फार बरं वाटलं.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे तुमची नजर सारखी या टेबलाकडे जाणार नाही. गणिताच्या सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका इथे नाहीत. त्या मी काल संध्याकाळी मुलांनाच देऊन टाकल्या. गुरुवारपर्यंत त्यांनी त्या स्वतःहून घरी दाखवायच्या आणि तुमची सही घेऊन यायचं, असं आमचं ठरलंय. आज घरी गेल्या गेल्या "कुठे आहे पेपर?" असं विचारू नका, एवढीच विनंती. हे असं का, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी वर्गात एका मुलाची कंपासपेटी खाली पडली आणि उघडली. कोनमापकाखाली कागदाची एक घट्ट घडी होती. उलगडून पाहिली तर माझाच तपासलेला पेपर, 25 पैकी 9 मार्क, आणि खाली वडिलांची सही. सही त्यानंच केली होती. आधी मी त्याला रागावले, कबूल करते. मग वर्ग सुटल्यावर जवळ बसवून विचारलं, "पप्पा मारतात का रे?" तो म्हणाला, "नाही बेन, पप्पा मारत नाहीत. ते जेवत नाहीत."

मला त्या रात्री झोप लागली नाही. त्या वडिलांचं मुलावर जिवापाड प्रेम होतं, मी त्यांना ओळखते. मार्क कमी आले की त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही, इतकंच. पण मुलाला ताटावरून उठलेला बाप दिसायचा.

आता त्या पेपरात चुकलं काय होतं, ते ऐका. पद बरोबरच्या चिन्हापलीकडे नेताना अधिक-उणे बदलायचं त्याच्याकडून राहून जायचं. चार गणितं त्या एकाच चुकीपायी गेली होती. पेपर उघडा राहिला असता तर दोन दिवसांच्या सरावाचं काम होतं. तो घडी होऊन पेटीत गेला आणि चूक दीड महिना तशीच राहिली. दबावाचं मला सगळ्यात जास्त भय वाटतं ते यासाठी. मुलं चुका करायची थांबत नाहीत, चुका लपवायला शिकतात. आणि लपवलेली चूक ना मला सुधारता येते, ना तुम्हाला.

दबाव म्हणजे ओरडणंच असं नाही. "आम्ही तुझ्यासाठी किती करतो" हाही दबाव. दहावीचं वर्ष म्हणून कितीतरी घरांत टीव्ही बंद होतो, पाहुणे बंद होतात, आजोबा मालिका आवाज बंद करून बघतात. तुमचा हेतू चांगलाच आहे. पण आपल्यामुळे अख्खं घर सुतकात बसलंय, असं ओझं घेऊन पोर पुस्तक उघडतं. गणित सोडवताना दोन-तीन गोष्टी एकाच वेळी डोक्यात धराव्या लागतात, आणि ती जागा मुळात लहान असते. तिथे "घरी काय सांगू" हे येऊन बसलं की येत असलेलं गणितही चुकतं. ही मुलं आळशी नाहीत हो.

मग करायचं काय? "अभ्यास झाला का?" हा प्रश्न सोडून द्या. त्याचं उत्तर "हो" एवढंच येतं. त्याऐवजी पुस्तक मिटून "आज काय शिकलीस, मला सांग" म्हणा. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा ते मिटून आठवण्यानं जास्त पक्कं होतं. यासाठी तुम्हाला विज्ञान येण्याची गरज नाही, न येणारं माणूस उलट जास्त कामाचं. गेल्या वर्षी एक मुलगी आजीला सांगत होती, पाण्याच्या पेल्यात चमचा वाकडा का दिसतो. आजी भाजी निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "मग उभा धरून वरून बघितला तर वाकडा का नाही दिसत?" मुलगी गप्प. तिला पुस्तक उघडावं लागलं, आणि लंबरूप किरण वळत नाही हे तिला कायमचं समजलं. ती आजी शाळेत चौथीपर्यंत गेलेली.

झोपेचं सांगते. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं, म्हणून झोप कापून केलेला अभ्यास अर्धा वायाच जातो. पहाटे चारला उठवण्याचा आग्रहही धरू नका. तुमचा अभ्यास पहाटे होत असेल, पण या वयात शरीराला झोपच उशिरा येते. ज्याला पहाट मानवते त्यानं उठावं. फोनचा नियम करायचा तर सगळ्यांसाठी करा, आठ ते दहा सगळ्यांचे फोन हॉलमधल्या शेल्फवर. पप्पांचासुद्धा.

पुढच्या आठवड्यात उत्तरायण आहे. मुलं मला हळूच विचारून गेली, "बेन, तुम्ही सांगा ना घरी." तर सांगते. 14 आणि 15 जानेवारी, दोन्ही दिवस त्यांना गच्चीवर पतंग उडवायला जाऊ द्या. उंधियु-जिलेबी खाऊ द्या, घसा बसेपर्यंत "काप्यो छे" ओरडू द्या. बोर्ड फेब्रुवारीच्या अखेरीस आहे, दोन दिवसांनी काही बिघडत नाही. पण खोलीत बसवलंत तर खालून आवाज ऐकत ती दोन दिवस नुसती कुढतील. मांजा मात्र साधा सुती घ्या, चिनी दोरी घरात नको.

निकालाच्या वेळची एक गोष्ट आत्ताच बोलून ठेवते. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर टक्के वेगळे आणि परसेंटाइल रँक वेगळा. पीआर 90 म्हणजे 90 टक्के मार्क नव्हेत. शंभरातल्या साधारण नव्वद मुलांपेक्षा तुमचं मूल पुढे आहे, असा त्याचा अर्थ. शेजारचे "आमच्याला नव्वद आले" म्हणतात तो पुष्कळदा पीआर असतो, आणि इकडे 78 टक्क्यांचं पोर उगाच बोलणी खातं. एखादा विषय राहिलाच तर पूरक परीक्षा आहे, हे मुलांना आत्ताच शांतपणे माहीत असू द्या. त्यानं ती अभ्यास सोडत नाहीत.

आणि हे नीट ऐका. मूल जेवेनासं झालं, रात्र रात्र जागं राहू लागलं, "मी नसलेलंच बरं" असं काही बोललं, तर ते नाटक समजू नका, उपदेशही करू नका. जवळ बसा, एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरकडे न्या. सरकारची टेलिमानस सेवा आहे, नंबर 14416, चोवीस तास, मोफत. आत्ता फोनमध्ये टाकून घ्या, मी थांबते.

टाकलात? बरं.

आता गुरुवारचं. पेपर समोर आला की मार्क दिसतीलच, पण बोट दुसऱ्या पानावर ठेवा आणि विचारा, "यातलं कुठलं गणित आता सोडवलंस तर येईल?" एक तरी निघेलच. ते तिथेच, त्याच पेपरच्या मागच्या कोऱ्या पानावर सोडवू द्या आणि सही त्याच्याखाली करा. मला ते पान बघायचंय. मग सगळ्यांनी मिळून जेवा.

चहा आलाय. ज्यांना एकट्यानं बोलायचंय त्यांनी मागच्या खोलीत या, मी सहापर्यंत आहे.